स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पहिल्यांदा जातेय, सोबत न्यायचं पत्र वाचून सांगाल का?

निळी_शाई

वय २६, राहणार ठाणे, नोकरी ऐरोलीला, बरेचदा रात्रपाळी. पुढच्या बुधवारी पहिल्यांदाच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातेय. आत गेल्यावर पाच-सात मिनिटं मिळतात असं मैत्रिणी सांगतात, आणि कुणी समोरून विचारलं की मला तारखा आठवत नाहीत. त्यात आई सोबत असणार. म्हणून सगळं लिहून नेतेय. पत्र खाली दिलंय. काय जास्त झालंय आणि काय राहिलंय, तेवढं सांगा. औषध विचारत नाहीये.

*डॉक्टर मॅडम, नमस्कार.*

*मला तेराव्या वर्षी पाळी आली. गेल्या जुलैपर्यंत ती २९-३० दिवसांनी यायची आणि पाच दिवसांत संपायची. पहिल्या दिवशी पोट दुखायचं, आधी दोन-तीन दिवस छाती जड व्हायची. तक्रार अशी कधी नव्हती. गेले सहा महिने मात्र कशाचाच मेळ नाही.*

*२ ऑगस्टला आली ती नेहमीसारखी. पुढची नेमकी गौरीच्या दिवसांत येणार होती, म्हणून २८ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. ६ तारखेला सुरू झाली ती नऊ दिवस चालली. मग ३० सप्टेंबरपासून नुसते तपकिरी डाग, जवळजवळ बारा दिवस. त्यानंतर काहीच नाही. २१ नोव्हेंबरला सुरू झाली आणि थांबेचना. त्यातले दोन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागलं, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडत होत्या. ट्रेनमध्ये बसायची भीती वाटायची, ठाण्यापर्यंत उभीच यायचे. १ डिसेंबरला घराजवळच्या डॉक्टरांनी रक्त थांबवायच्या गोळ्या आणि दहा दिवसांचा एक कोर्स दिला. दोन दिवसांत थांबलं. कोर्स संपला आणि १४ डिसेंबरला पुन्हा सुरू, सहा दिवस. आता १९ जानेवारीपासून डाग. एक दिवस लागतात, दोन दिवस नाही, परत लागतात.*

*रात्रपाळी जूनपासून. तेव्हापासून वजन सहा किलो वाढलंय. केस खूप गळतात. ऑफिसच्या तपासणीत डिसेंबरअखेर हिमोग्लोबिन ९.६ आलं.*

*मी अविवाहित आहे. मला एक मित्र आहे आणि आमचे संबंध आहेत. एरवी काळजी घेतो. २० सप्टेंबरला ७२ तासांची गोळी घेतली होती. ऑक्टोबरमध्ये घरी टेस्ट केली, निगेटिव्ह. हे आईला माहीत नाही.*

*मला कर्करोग वगैरे काही असेल का, आणि पुढे मूल होण्यात अडचण येईल का, हे दोन प्रश्न रात्री झोपू देत नाहीत.*

शेवटून दुसरा परिच्छेद ठेवू की काढू, हा खरा प्रश्न आहे.

घोडबंदरकर

ताई, घोडबंदर रोडच्या बाजूला दवाखाना असेल तर संध्याकाळची वेळ अजिबात घेऊ नका. मेट्रोच्या कामामुळे मानपाड्यापासून पुढे काय होतं ते रोज बघतोय. माझी बायको नौपाड्यात जाते, लेडी डॉक्टर आहेत, स्वभावाने छान. नंबर हवा असेल तर व्यनि करा.

निळी_शाई

धन्यवाद दादा, पण डॉक्टर ठरल्यात. पत्राबद्दल विचारत होते.

रसिका_नेरुळ

हे सरळसरळ पीसीओडी आहे. माझं सेम टू सेम होतं. वजन वाढणं, केस गळणं, पाळी पुढे-मागे. माझं अ‍ॅप सरासरी ४१ दिवस दाखवायचं. सोनोग्राफीत दोन्ही ओव्हरीजवर सिस्ट दिसल्या. दूध आणि मैदा बंद केला, चार महिन्यांत लाइनीवर. थायरॉइड मात्र नक्की तपास, बहुतेकींचं तिथेच सापडतं.

कोरांटी

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, मुंबईपासून लांब एका तालुक्याच्या गावी. निदान इथे करणार नाही, पण असं पत्र माझ्या टेबलावर आलं तर मी ते कसं वाचेन ते सांगते. त्यावरून काय हलवायचं ते तुझं तुला कळेल.

पत्र चांगलं आहे, कारण त्यात तारखा आहेत. पण रक्त एकीकडे आणि गोळ्या दुसरीकडे लिहिल्यात. त्या एका रेषेत आण. मी आणून बघितल्या.

२८ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर पाळी ढकलायच्या गोळ्या. हे बहुधा नॉरएथिस्टेरोन असणार. ही गोळी चालू असेपर्यंत गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवते आणि बंद केली की साधारण दोन ते सात दिवसांत ते सुटतं. म्हणजे ६ सप्टेंबरचं रक्त गोळी थांबल्याचं होतं. २० सप्टेंबरला ७२ तासांची गोळी, ३० पासून डाग. त्या गोळीने पुढचं चक्र विस्कटणं, मधेच डाग लागणं नेहमीचं आहे. मग डिसेंबर. दहा दिवसांचा कोर्सही बहुतेक नॉरएथिस्टेरोनचाच असेल (स्ट्रिप किंवा चिठ्ठी शोध). तो ११ च्या आसपास संपला आणि १४ ला रक्त आलं. ठरल्याप्रमाणे आलं. तुला वाटलं आजार परत उलटला.

आता ही तीन रक्तं बाजूला ठेव. उरतं काय? ऑक्टोबरच्या मध्यापासून चाळीसेक दिवस पूर्ण कोरडे, त्यावर नोव्हेंबरचा तो लोंढा, आणि आता जानेवारीत येत-जात राहणारे डाग. तू 'सहा महिने अनियमित' लिहिलंस तर ऐकणारीला पाच-सहा बिघडलेल्या पाळ्या दिसतात. खरं तर गोळ्यांशिवायच्या घटना दोनच आहेत, आणि त्या दोन पुरेशा बोलक्या आहेत.

एक प्रश्न. पूर्वी छाती जड व्हायची, पोट दुखायचं असं लिहिलंयस. नोव्हेंबरच्या आधी तसं झालं होतं का? आणि जानेवारीत?

निळी_शाई

नाही. आता विचारल्यावर लक्षात येतंय. नोव्हेंबरमध्ये काहीच जाणवलं नव्हतं, अचानक ऑफिसमध्ये सुरू झालं. पोटात दुखलं ते गाठी पडताना. जानेवारीतही काही नाही.

कोरांटी

मग हे वाक्य पत्रात हवंच. बीज सुटलं की शरीर पुढचे दोन आठवडे प्रोजेस्टेरोन बनवतं. छाती जड होणं बहुतेक त्याचंच. आणि त्याच्यामुळेच अस्तर पिकून एकदम, वेळेवर गळतं. बीज सुटलंच नाही तर अस्तर नुसतं वाढत राहतं आणि मग पावसाळ्यातल्या भिंतीच्या पोपड्यासारखं कुठूनही, कधीही सुटतं. आधी मोठा खंड, मग भरपूर रक्त, मग रेंगाळणारे डाग. तुझं वर्णन तिकडे झुकतंय. याच्या उलट एखादीची पाळी ठरल्या दिवशी येते, आधी छातीही दुखते, आणि शिवाय मधल्या दिवसांत किंवा संबंधानंतर डाग लागतात. तिथे मी गर्भाशयाच्या तोंडाकडे, पॉलिपकडे, जंतुसंसर्गाकडे आधी बघेन. रक्त दोघींना जातं, पण वाट निराळी. म्हणून संबंधानंतर डाग लागतात की नाही तेही एका ओळीत लिही, 'नाही' असेल तरी.

बीज का सुटत नाही, हा पुढचा प्रश्न. रसिका, पीसीओडी असू शकतो, थायरॉइडचंही बरोबर सांगितलंस. पण सोनोग्राफीत ओव्हरी तशा दिसल्या म्हणजे पीसीओडी ठरला असं नाही. बिलकुल तक्रार नसलेल्या कित्येक तरुण मुलींच्या ओव्हरी तशाच दिसतात, आणि त्या 'सिस्ट' म्हणजे न वाढलेली बीजं असतात. पाळीचा खंड, पुरुषी संप्रेरकांची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि ओव्हरीचं रूप, या तिन्हींतल्या दोन गोष्टी लागतात, तेही थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन आधी बघून झाल्यावर. दूध बंद केल्याने पाळी येते याला आधार नाही. मैदा सोडून वजन उतरलं असेल तर त्याने येऊ शकते.

निळी, हनुवटीवर केस किंवा नव्याने मुरुमं आहेत का? आणि रोजच्या गोळ्या कुठल्या? अ‍ॅसिडिटी, केस, झोप, आयुर्वेदिक, सगळ्या.

निळी_शाई

हनुवटीवर काही नाही. मुरुमं थोडी, पण ती कॉलेजपासून. केसांसाठी बायोटिन, नोव्हेंबरपासून. रात्रपाळीत जेवणाचे हाल होतात म्हणून सकाळी अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल, जुलैपासून जवळजवळ रोज. स्ट्रिपवर पँटोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन लिहिलंय. हे पत्रात घालायचं सुचलंच नसतं.

कोरांटी

डॉम्पेरिडोन अधोरेखित कर. त्याने प्रोलॅक्टिन वाढतं, आणि प्रोलॅक्टिन वाढलं की बीज सुटणं थांबू शकतं. केमिस्ट ही कॅप्सूल सहज देतो, त्यामुळे कुणी तिला औषध मानतच नाही. हेच कारण आहे असं मी म्हणत नाही. प्रोलॅक्टिनमध्ये पाळी बहुतेक वेळा कमी होते किंवा बंदच होते, तुझ्यासारखा लोंढा त्यात नेहमी दिसत नाही. पण जुलैत गोळी सुरू आणि ऑगस्टनंतर पाळी बिघडली, एवढं माझ्यासमोर आलं तर मी डॉम्पेरिडोन नसलेली कॅप्सूल देऊन बघेनच. स्तनाग्रातून दुधासारखं काही येतं का, तेही लिही.

लॅबवाला_वाशी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. बायोटिनबद्दल सांगतो, कारण हे रोज बघतो. केसांच्या गोळ्यांत ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. बऱ्याच मशीनवर त्याने टीएसएच आणि प्रोलॅक्टिन खोटं कमी येतं. म्हणजे थायरॉइड मंद असेल तर रिपोर्ट नॉर्मल दिसेल. रक्त द्यायच्या किमान दोन-तीन दिवस आधीपासून बंद ठेवा आणि घेत होतात हे काउंटरवर सांगा.

दुसरं, रात्रपाळी करून सरळ रक्त द्यायला येऊ नका. प्रोलॅक्टिन झोपेत वाढतं आणि ताणानेही वाढतं. झोपून उठल्यावर दोन-तीन तासांनी, उपाशीपोटी, थोडा वेळ शांत बसून द्या. ट्रान्स हार्बरची गाडी धावत पकडून येतात आणि मग रिपोर्ट वाढलेला आला म्हणून घाबरतात.

मंदाकिनी_कळवा

मुली, माझं ४४ व्या वर्षी असंच झालं होतं. अंगावरून जायचं ते पंधरा-पंधरा दिवस. वयाचं असेल म्हणून मी गप्प. शेवटी सातव्या मजल्यावर लिफ्ट बंद होती तेव्हा जिन्यात बसले ती उठेचना. हिमोग्लोबिन सहा. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, मग फायब्रॉइड निघाले आणि पिशवी काढली. तुला पिशवी काढावी लागेल असं नाही हो म्हणत, तुझं वय काय! पण ९.६ म्हणजे कमीच. मी तेव्हा कच्चे तांदूळ खायचे मुठी भरभरून, डब्यात हात घातला की थांबायचंच नाही. तू खातेस का असं काही? तोवर अशोकारिष्ट घे दोन चमचे, आमच्या आईने सगळ्यांना दिलं.

निळी_शाई

मावशी, मी बर्फ खाते. ऑफिसच्या पँट्रीतून ग्लास भरून बर्फ आणते आणि चावत बसते. दिवाळीनंतर सुरू झालंय. सगळे हसतात.

कोरांटी

मंदाकिनीताई, जे विचारायचं मला सुचलं नाही ते तुम्ही विचारलंत. बर्फ, तांदूळ, पाटीवरची पेन्सिल असं खावंसं वाटणं म्हणजे लोह संपत आल्याची खूण. निळी, हेही पत्रात. लोहाचा साठा बघायला फेरिटिन करायला सांगतील. तुझ्या वयाला हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. 

अशोकारिष्ट आत्ता मधे नको. वाईट आहे म्हणून नव्हे, डागांच्या तारखांत आणखी एक गोष्ट मिसळेल म्हणून. आधीच तीन रक्तं गोळ्यांची आहेत.

शिवाय तुम्हाला झाले तसे फायब्रॉइड २६ व्या वर्षी कमी दिसतात, तरी सोनोग्राफीत ते बघितलं जाईलच. रक्त फार जात असेल तर रक्त गोठण्याचा दोष आहे का तेही विचारतात. निळी, पहिल्या पाळीपासून जास्त जायचं का? दात काढल्यावर रक्त थांबलं नाही असं काही?

निळी_शाई

नाही. अक्कलदाढ काढली तेव्हा काही त्रास झाला नव्हता.

स्पष्टवक्ता

लग्नाआधी असले उद्योग करायचे आणि मग गोळ्या खायच्या, मग हे असंच होणार.

अनामिका_२

स्पष्टवक्ता, धागा पाळीचा आहे.

निळी, तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. तो परिच्छेद काढू नकोस, पण त्याच पानावरही ठेवू नकोस. मी आईबरोबर गेले होते. डॉक्टरांनी 'मॅरीड?' विचारलं, आईच 'नाही' म्हणाली, आणि तिथेच सगळं संपलं. पोटावरून सोनोग्राफी झाली, प्रेग्नन्सी टेस्ट कुणी सुचवली नाही आणि मला तोंड उघडता आलं नाही. तू वेगळी चिठ्ठी कर आणि तपासायला आत पडद्याआड घेतील तेव्हा हातात दे. आई बाहेरच्या खुर्चीवर असते.

रसिका_नेरुळ

किंवा आईला सांगून टाक ना. आज ना उद्या कळणारच. लपवून आणखी ताण.

अनामिका_२

प्रत्येकीची आई सारखी नसते गं.

कोरांटी

सांगायचं की नाही ते निळीने ठरवावं. मी टेबलाच्या या बाजूचं सांगते. 'मॅरीड?' हा प्रश्न आमच्याकडे कित्येकजणी संबंध आहेत का या अर्थाने विचारतात. वाईट सवय आहे, पण आहे. उत्तर 'नाही' आलं की योनिमार्गाची तपासणी आणि आतून करायची सोनोग्राफी दोन्ही गळतात. मग पोटावरून करतात, त्याला लघवी तुंबवून जावं लागतं. त्यात अस्तरातला छोटा पॉलिप निसटू शकतो. म्हणून चिठ्ठी द्यायची कल्पना मला आवडली. 'कृपया दोन मिनिटं एकटीशी बोलायचंय' एवढं रिसेप्शनवर आधी फोन करून सांगितलं तरी चालतं. तू सज्ञान आहेस, डॉक्टरांनी आईला न सांगणं हे त्यांचं कर्तव्यच आहे.

पण एक गोष्ट बुधवारपर्यंत थांबू नये. ऑक्टोबरची टेस्ट आता जुनी झाली. त्यानंतर संबंध आले असतील तर उद्या सकाळीच लघवीची टेस्ट कर. जानेवारीचे डाग 'पाळीच असेल' म्हणून सोडायचे नाहीत, गर्भ असतानाही असेच डाग लागतात, नळीत राहिला असेल तरीही. टेस्ट पॉझिटिव्ह आली किंवा पोटात एका बाजूला कळ, खांद्यात दुखणं, चक्कर असं काही झालं तर अपॉइंटमेंट विसर, कळव्याच्या महापालिका रुग्णालयात किंवा जवळ असेल तिथे कॅज्युअल्टीत जा. तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असे दोन तास गेले, तरीही तेच.

निळी_शाई

टेस्ट केली. निगेटिव्ह. शेवटचे संबंध डिसेंबरच्या अखेरीस, म्हणजे महिना होऊन गेला. संबंधानंतर डाग कधी लागले नाहीत. स्तनाग्रातून काही येत नाही.

डिसेंबरची चिठ्ठीही सापडली. ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड पाच दिवस आणि नॉरएथिस्टेरोन ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दहा दिवस. गौरीच्या वेळचीही तीच गोळी होती, फक्त कंपनी वेगळी.

पत्राचं वरचं अर्धं पान आता असं केलंय:

*वय २६. जुलैपर्यंत पाळी २९-३० दिवसांनी, ५ दिवस. पाळीआधी छाती जड व्हायची, ऑगस्टनंतर तसं झालेलं नाही.*
*२ ऑगस्ट: नेहमीसारखी.*
*२८ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर नॉरएथिस्टेरोन. ६ सप्टेंबर: ९ दिवस रक्त.*
*३० सप्टेंबर: १२ दिवस तपकिरी डाग (चिठ्ठी बघावी).*
*मग कोरडे, ४० दिवस.*
*२१ नोव्हेंबर: गोळीशिवाय. ११ दिवसांनी गोळ्यांवर थांबलं. दोन दिवस दर दोन तासांनी पॅड, मोठ्या गाठी.*
*१ ते १० डिसेंबर नॉरएथिस्टेरोन. १४ डिसेंबर: ६ दिवस.*
*१९ जानेवारीपासून: गोळीशिवाय. अधूनमधून डाग.*
*रोजची औषधं: पँटोप्राझोल-डॉम्पेरिडोन जुलैपासून, बायोटिन नोव्हेंबरपासून (आता बंद). हिमोग्लोबिन ९.६. बर्फ खावासा वाटतो.*

खाली सविस्तर मजकूर तसाच. ट्रेनचं वाक्य काढू का?

कोरांटी

ट्रेनचं ठेव. 'भरपूर' या शब्दाने मला काही कळत नाही, दर दोन तासांनी पॅड आणि बसायची भीती याने कळतं. कर्करोगाचं आणि मुलाचं मात्र प्रश्न म्हणून अगदी शेवटी लिही, म्हणजे उठायच्या आधी त्यांची उत्तरं मिळतील. या वयात एवढ्या काळाच्या तक्रारीत अस्तराचा कर्करोग फार क्वचित. पण महिनोन्‌महिने बीज सुटत नसेल आणि अस्तर वाढतच राहिलं असेल तर ते तसंच सोडून देत नाहीत. डॉक्टर सोनोग्राफीत त्याची जाडी बघतील. मुलाचं उत्तर कारण सापडल्यावरच.

मंदाकिनी_कळवा

चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेव गं. आया पर्स उघडतात, मीही उघडायचे.

निळी_शाई

:) ठेवली. लॅबवाले दादा, शेवटचं एक विचारायचं होतं. आई कालपासून लोहाच्या गोळ्या सुरू कर म्हणतेय, घरात पडल्यात. फेरिटिनच्या आधी घेतल्या तर चालतील?

लॅबवाला_वाशी

बुधवार चार दिवसांवर आलाय. आधी रक्त द्या, मग सुरू करा. आणि सुरू केल्यावर चहाबरोबर घेऊ नका.